‘निविदेतील अटीप्रमाणे’ असे उत्तर देता येणार नाही असा प्रश्न

३,७५० घनमीटर. चार किलोमीटर रस्त्याच्या सुधारणेच्या निविदेत, परिमाणांच्या तक्त्यात, डब्ल्यूएमएमच्या बाबीसमोर हा आकडा छापलेला आहे. डब्ल्यूएमएम म्हणजे खडी आणि चुरी मोजक्या पाण्यात मिसळून, पसरून, रोलरने दाबलेला थर. डांबर त्याच्यावर बसते. आकड्यात वरवर पाहता काही वावगे नाही. पण निविदा भरण्याआधी हातात कॅल्क्युलेटर घेऊन बसणारा माणूस तो उलटा वाचतो. ३,७५० ला रस्त्याच्या ४,००० मीटर लांबीने भागले आणि नकाशात दाखवलेल्या पाव मीटर जाडीने पुन्हा भागले, की उत्तर येते ३.७५ मीटर. म्हणजे हे परिमाण काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पावणेचार मीटर रुंदीचा रस्ता होता. नकाशावर मात्र साडेपाच मीटर रुंदी स्पष्ट लिहिली आहे.

आता पुढची बाब पाहू. त्याच थरावर टाकायच्या पन्नास मिलिमीटर जाडीच्या डांबरी थराचे परिमाण १,१०० घनमीटर आहे. त्याच पद्धतीने भागाकार केला की रुंदी येते बरोबर साडेपाच मीटर. दोन्ही आकडे खरे मानले तर डांबर खालच्या खडीपेक्षा पावणेदोन मीटर अधिक रुंद होते आणि तेवढे डांबर अधांतरी राहते. असा रस्ता कोणी बांधत नाही. तरीही निविदेत तो आहे, आणि त्यावर सही-शिक्का आहे.

उदाहरणातले काम एका नमुनेदार तालुका रस्त्याचे आहे आणि आकडे हिशोबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. पण महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदा भरणाऱ्या कुठल्याही कार्यालयात विचारा, असा भागाकार तिथे रोजचा असतो. अशा विसंगती शोधून, त्यांची यादी करून, निविदापूर्व बैठकीआधी ती विभागाला लेखी पाठवायची असते. ‘प्री-बिड क्वेरीज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यादीकडे बाहेरच्या माणसाचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक पुढे दोन-तीन वर्षे चालणाऱ्या भांडणांपैकी बरीचशी त्या दोन-चार पानांवरच मिटू शकतात, किंवा तिथेच पेरली जातात.

मुळात एकाच कामाच्या कागदांमध्ये इतकी तफावत येते कशी? कारण ते कागद एका टेबलावर तयार होत नाहीत. अंदाजपत्रक उपविभागात शाखा अभियंता बनवतो, बहुतेकदा आधीच्या वर्षी केलेल्या अंदाजपत्रकात दरसूचीचे नवे दर घालून. नकाशे सल्लागार देतो, आणि मधल्या काळात रस्त्याची रुंदी वाढवायचे ठरले तर तो नकाशे बदलतो. अटी-शर्तींचा भाग विभागीय कार्यालयातल्या संगणकावर आधीच्या निविदेतून उचलला जातो, कामाचे नाव बदलून. त्यामुळे रस्त्याच्या निविदेत कधी इमारतीच्या वॉटरप्रूफिंगची हमी मागितलेली सापडते. तेवढ्यावर हसून सोडून देता येते. आपल्या उदाहरणात रुंदी वाढल्यावर डांबराच्या बाबी सुधारल्या गेल्या आणि खडीच्या राहून गेल्या, इतकेच झाले असावे. कोणाचा त्यात हेतू नसतो. पण निविदा महाटेंडर्स पोर्टलवर चढली की ती चूक राहत नाही, ती कराराची भाषा होते.

इथे एक आक्षेप लगेच येतो आणि तो बैठकीत हमखास ऐकायला मिळतो. “अहो, क्वांटिटी अंदाजेच असतात, तुम्हाला काय नवीन आहे का हे? जेवढं काम होईल तेवढं बिल मिळेल.” साहेबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. शेड्यूल ‘बी’मधली परिमाणे अंदाजे असतात असे करारातच लिहिलेले असते आणि देयक प्रत्यक्ष मोजमापावर निघते. अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे.

विभागाच्या निविदा मुख्यतः दोन नमुन्यांत निघतात. बी-१ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर विभागाने आधीच छापलेला असतो. ठेकेदार फक्त एकूण रकमेवर किती टक्के कमी किंवा जास्त, एवढेच भरतो. बी-२ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार स्वतः भरतो. दोन्ही नमुन्यांत ३८वे कलम आहे. ते सांगते की एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतल्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढले तर निविदेचाच दर मिळेल. त्यापुढच्या परिमाणाला चालू दरसूचीचा दर लागेल आणि त्यावर ठेकेदाराच्या निविदेची टक्केवारी कमी-जास्त केली जाईल. वाढीव भागाची रक्कम अगदीच किरकोळ असेल तर हा फरक लागू होत नाही, पण इथे तो प्रश्न नाही.

आपल्या रस्त्यावर खडीचा थर खरोखर साडेपाच मीटर रुंद टाकायचा असेल तर ५,५०० घनमीटर लागणार. ३,७५० च्या सव्वापट होतात ४,६८७.५ घनमीटर. म्हणजे सुमारे ८१२ घनमीटर काम ३८व्या कलमाच्या कुंपणाबाहेर जाते. विभागाच्या बाजूने पाहिले तर दर घनमीटरला १,८०० रुपये धरून १,७५० घनमीटरचे ३१ लाख ५० हजार रुपये मंजूर रकमेत नाहीतच. काम झाल्यावर वाढीव परिमाणाला मंजुरी घ्यावी लागते. रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव वर पाठवावा लागतो आणि तोपर्यंत देयक अडकते. खडी टाकून, दाबून, वर डांबरही झालेले असते. पैसे मात्र फाइलीत असतात.

बी-२ नमुन्यात याहून गमतीशीर, खरे तर गंभीर, गोष्ट घडू शकते. समजा याच निविदेत भरावाच्या मुरुमाचे परिमाण १२,००० घनमीटर दिले आहे, पण नकाशातल्या छेदांवरून मोजले तर ते ८,००० च्या आसपासच येते. दोन ठेकेदार निविदा भरतात. पहिला प्रामाणिकपणे खडीला १,८०० आणि मुरुमाला ४०० रुपये लावतो. दुसऱ्याने दोन्ही चुका ओळखल्या आहेत. तो खडीला २,२०० आणि मुरुमाला २७५ रुपये लावतो. निविदेतल्या परिमाणांवर हिशोब केला तर खडीत त्याचे १५ लाख वाढतात आणि मुरुमात बरोबर १५ लाख कमी होतात. एकूण रक्कम पहिल्याइतकीच. तुलनात्मक तक्त्यात दोघे समान दिसतात.

काम झाल्यावर चित्र बदलते. खडीच्या पहिल्या ४,६८७.५ घनमीटरला दुसऱ्याला ४०० रुपये जादा मिळतात, म्हणजे १८ लाख ७५ हजार. त्यापुढचा दर दरसूचीतून येतो, तिथे त्याचा खास फायदा नाही. मुरूम ८,००० घनमीटरच लागतो, म्हणून १२५ रुपयांनी त्याचा तोटा फक्त १० लाखांचा होतो. निव्वळ फायदा पावणेनऊ लाखांचा, आणि तो कसलीही लबाडी न करता, फक्त गप्प राहून. २५ टक्क्यांची मर्यादा अशा खेळाला लगाम घालते, पण तो पूर्ण थांबवत नाही. मूल्यमापन करणारा सावध असेल तर २७५ रुपयांना मुरूम बघून त्याच्या भुवया उंचावतील आणि दरांचे पृथक्करण मागवले जाईल. पण तसे होईलच असे नाही.

म्हणूनच प्रश्नांची यादी हा निव्वळ शंकासमाधानाचा कागद नसतो. विचारलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर सर्व निविदाकारांना दिसते. तुम्ही चूक दाखवलीत की ती सर्वांची झाली. अनेक ठेकेदारांचा अलिखित नियम असा असतो की आपल्याला नुकसान करणारी चूक विचारायची आणि फायदा करून देणारी पोटात ठेवायची. माझ्या मते तो नियम दिसतो तितका हुशारीचा नाही. कारण आज फायद्याची वाटणारी चूक कोणाच्या बाजूने सुधारली जाईल हे काम सुरू झाल्यावर विभाग ठरवतो, ठेकेदार नाही. मुरूम ८,००० च्या जागी १२,००० वर गेला आणि खडीचा थर ‘जुन्या रस्त्याच्या बाजूंना फक्त रुंदीकरणापुरता’ असे ठरले, तर खडी १,७५० घनमीटरच लागेल आणि सगळा डाव उलटेल.

आता प्रश्न कसा लिहायचा, इकडे वळू. कारण चुका शोधणे हे निम्मेच काम आहे.

बऱ्याच याद्यांमधला प्रश्न असा असतो: “डब्ल्यूएमएमचे परिमाण कमी वाटते, कृपया तपासावे.” याला येणारे उत्तर ठरलेले आहे: “निविदेतील अटीप्रमाणे.” दुसरे ठरलेले उत्तर “प्रभारी अभियंत्याच्या सूचनेप्रमाणे” हे असते. ही उत्तरे देणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे ऐंशी-नव्वद प्रश्न असतात. त्यांतले निम्मे अटी शिथिल करा, मुदत वाढवा, उलाढालीची मर्यादा कमी करा अशा मागण्यांचे असतात. ‘वाटते’ या शब्दाला निर्णय घ्यायची गरज नसते, म्हणून निर्णय होत नाही.

तोच प्रश्न असा लिहिता येतो: “शेड्यूल ‘बी’ बाब क्र. ७ मध्ये डब्ल्यूएमएमचे परिमाण ३,७५० घ.मी. आहे. नकाशा क्र. ३ मधील प्रातिनिधिक छेदात या थराची रुंदी ५.५० मी. व जाडी ०.२५ मी. दर्शवली आहे. साखळी क्रमांक ०/००० ते ४/००० या लांबीसाठी त्यानुसार परिमाण ५,५०० घ.मी. होते. बाब क्र. ९ मधील डांबरी थराचे परिमाण ५.५० मी. रुंदीशी जुळते. कृपया स्पष्ट करावे: (अ) या थराची रुंदी ५.५० मी. आहे काय, (आ) असल्यास सुधारित शेड्यूल ‘बी’ प्रसिद्ध होणार काय, (इ) नसल्यास रुंदी किती व कोणत्या साखळीत धरावी.”

या प्रश्नात मत कुठेच नाही. विभागाचेच दोन कागद शेजारी ठेवले आहेत, तिसऱ्या कागदाची साक्ष काढली आहे आणि हिशोब मांडला आहे. ‘निविदेप्रमाणे’ असे उत्तर देणाऱ्याला आता कोणत्या निविदेप्रमाणे हे सांगावे लागते, कारण निविदेतच दोन रुंद्या आहेत. ‘परिमाणे अंदाजे आहेत’ म्हणूनही सुटका नाही, कारण (इ) मध्ये परिमाण नव्हे, रुंदी विचारली आहे, आणि रुंदी अंदाजे नसते. शिवाय प्रश्नातून आपला दर, आपली खडीखाण किंवा काम करण्याची पद्धत काहीच उघड होत नाही. यादी सर्वांच्या नजरेला पडणार आहे हे लिहिताना विसरून चालत नाही.

याच कारणाने विसंगतींची यादी आणि सवलतींची मागणी वेगवेगळ्या कागदांवर असावी. एकाच तक्त्यात दोन्ही घातले की विसंगतीही याचना वाटू लागते. ‘अट शिथिल करता येणार नाही’ हे उत्तर खाली-वर ओढत नेताना तिलाही लागून जाते.

नळकांडी मोरीचे प्रकरण याहून नाजूक आहे. शेड्यूलमध्ये बाबीचे वर्णन आहे, ‘१,००० मिमी अंतर्गत व्यासाचे एनपी-३ वर्गाचे आरसीसी पाइप’. मोरीच्या नकाशात आहे १,२०० मिमी व्यास, एनपी-४ वर्ग. भारतीय मानक ४५८ नुसार एनपी-३ मध्यम भारासाठी आणि एनपी-४ जड भारासाठी असतात. जड वाहनांच्या रस्त्याखाली एनपी-४ घालणे रास्तच आहे. पण पाइपांची संख्या आणि लांबी दोन्हीकडे सारखीच असल्याने भागाकाराच्या युक्तीने हे सापडत नाही. त्यासाठी नकाशातल्या कोपऱ्यातल्या टिपा वाचाव्या लागतात. त्या टिपा बहुधा इतक्या बारीक अक्षरांत छापलेल्या असतात की भिंग लागावे.

इथे अनुभवी माणूस म्हणेल की असा पेच सोडवायला करारात प्राधान्यक्रम दिलेला असतो. बरोबर आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण अटींत हा क्रम स्पष्ट आहे: आधी परिमाण तक्त्यातले वर्णन, मग विशेष विनिर्देश आणि विशेष अटी, मग नकाशे, मग विभागाचे विनिर्देश, नंतर भारतीय मानके. त्या क्रमाने गेलो तर तक्त्यातला एनपी-३ जिंकतो. पण प्रत्येक खात्याचा क्रम एकसारखा नसतो. कुठे नकाशा वर असतो, कुठे विशेष अटी. आणि ‘दोन्हींपैकी अधिक कडक असेल ते लागू, याबाबत अभियंत्याचा निर्णय अंतिम’ असे एक वाक्य अनेक निविदांच्या शेवटी चिकटलेले असते. आपल्या उदाहरणातल्या निविदेतही ते आहे.

त्या वाक्याने पेच सुटला असे वाटते. तो सुटत नाही, पुढे सरकतो. ‘अधिक कडक ते लागू’ या अटीतून जमिनीत कोणता पाइप घालायचा ते कळते. त्याचे पैसे कोणत्या दराने द्यायचे ते कळत नाही. ठेकेदाराने एनपी-४ चा १,२०० मिमीचा पाइप घातला आणि शेड्यूलमध्ये त्या वर्णनाची बाबच नसेल, तर मोजमाप पुस्तिकेत नोंद कशावर करायची? एनपी-३ च्या दराने नोंदले तर ठेकेदार नुकसानीत जातो. जादा बाब म्हणून धरले तर दरांची जादा बाब यादी करून, ज्याला बोलीभाषेत ईआयआरएल म्हणतात, ती वरून मंजूर करून आणावी लागते. लेखापरीक्षक मग विचारतो, ‘नकाशा निविदेचाच भाग होता ना? मग ही बाब जादा कशी?’ त्याचे उत्तर कोणाकडेच नसते.

म्हणून मोरीच्या प्रश्नाचा शेवट ‘कोणता पाइप’ इथे करायचा नाही. विचारायचे असे: “नकाशाप्रमाणे एनपी-४ व १,२०० मिमी व्यास लागू असल्यास शेड्यूल ‘बी’ बाब क्र. २१ चे वर्णन व दर सुधारित होणार आहे काय? नसल्यास अशा पाइपचे मोजमाप कोणत्या बाबीखाली घेतले जाईल?” बी-१ नमुन्यात हे विशेष महत्त्वाचे आहे. तिथे दर विभागाचा आहे आणि ठेकेदाराला एकट्या मोरीसाठी दर वाढवता येत नाही. त्याला वाढवायचीच तर संपूर्ण निविदेची टक्केवारी वाढवावी लागेल, आणि त्या भाराखाली तो स्पर्धेतून बाहेर पडेल.

नकाशा आणि आकडा यांच्या भांडणात निदान मोजपट्टी तरी असते. अटी-अटींच्या भांडणात तीही नसते, आणि तिथे ठेकेदाराचे पैसे सर्वांत वेगाने जातात. एकच ठळक उदाहरण पुरे. अतिरिक्त अटींत लिहिले आहे, ‘निविदा दरात सर्व कर समाविष्ट आहेत.’ शेड्यूलच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे, ‘वस्तू व सेवा कर स्वतंत्रपणे देय राहील.’ कामाच्या कंत्राटावर १८ टक्के कर आहे. ठेकेदाराचा नफा सहसा त्याच्या जवळपासही नसतो. या एका ओळीचे उत्तर मिळाल्याशिवाय निविदा भरणे म्हणजे निव्वळ जुगार. आणि बहुतेक वेळा विभागालाही कर वेगळाच द्यायचा असतो. ‘सर्व कर समाविष्ट’ ही ओळ जीएसटीच्या आधीच्या काळातून अटींच्या संगणकात बसून राहिलेली असते.

मुदतीचा घोळ त्यामानाने गमतीचा आहे. निविदा सूचनेत आहे ‘१२ महिने, पावसाळ्यासह’. विशेष अटींत आहे ‘९ महिने, पावसाळा वगळून’. घाईत वाचणारा समजतो की दुसरी मुदत तीन महिन्यांनी तुटपुंजी आहे आणि प्रश्नात ‘१२ महिने कायम ठेवावेत’ असे लिहून टाकतो. हिशोब करून पाहा. पावसाळ्याचे जून ते सप्टेंबर हे चार महिने धरले तर १२ महिन्यांत डांबराच्या कामाचे आठच महिने हाती येतात. ९ महिने पावसाळा वगळून म्हणजे कामाचे पूर्ण नऊ, आणि दिनदर्शिकेवर तेरा. त्याने स्वतःच्या तोंडाने कामाचा एक महिना परत केला. शिवाय याच निविदेत भाववाढीचे कलम ‘मुदत १२ महिन्यांपेक्षा अधिक असल्यास लागू’ असे आहे. मग तेरा महिने धरायचे की नऊ? डांबराच्या भावात जोरदार चढउतार होत असतात, त्यामुळे हा प्रश्न शुष्क वाटला तरी रक्कम मोठी आहे. इथे प्रश्न विचारताना कोणता पर्याय हवा ते सुचवायचे नाही. दोन्ही ओळी उद्धृत करायच्या, भाववाढ आणि उशिराच्या भरपाईसाठी कोणती मुदत मोजली जाणार हे विचारायचे आणि थांबायचे.

हे सगळे प्रश्न विचारायची वेळ मात्र ठरलेली आहे आणि ती फार थोडी असते. निविदा सूचनेत प्रश्न पाठवायची शेवटची तारीख आणि निविदापूर्व बैठकीची तारीख दिलेली असते. निविदा प्रसिद्ध झाल्यापासून हाती बहुधा काहीच दिवस असतात. अल्प मुदतीच्या निविदेत आणि लहान कामांत अशी बैठक अनेकदा नसतेच. निविदा भरताना सोबत पत्र जोडून ‘आम्ही एनपी-३ गृहीत धरले आहे’ असे लिहिले तर ती सशर्त निविदा ठरते आणि बाद होते. म्हणजे ज्याला गृहीतक मांडायचे आहे त्याला ते प्रश्नाच्या रूपातच, आणि बैठकीआधीच मांडावे लागते. काही चलाख मंडळी बैठकीत तोंडी विचारून समाधान मानतात. तोंडी उत्तर करारात येत नाही. प्रश्न लेखी हवा आणि उत्तरही लेखी हवे.

लेखी उत्तरे विभाग एकत्र करून प्रसिद्ध करतो. महाराष्ट्रात त्याला ‘कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन’, थोडक्यात सीएसडी, म्हणतात. हा संच शुद्धिपत्रक म्हणून पोर्टलवर चढतो, निविदाकारांनी तो सही करून जोडायचा असतो आणि पुढे तो कराराचा भाग होतो. प्रश्न कोणी विचारला हे त्यात यायची गरज नसते, आणि येऊ नये हेच बरे. सीएसडी आणि मूळ अट यांत विरोध असेल तर काय, हाही एक प्रश्न आहे. चांगल्या सीएसडीच्या माथ्यावर ‘मूळ निविदेतील तरतुदींशी विसंगती असल्यास हे उत्तर ग्राह्य’ असे वाक्य असते. नसेल तर यादीतला शेवटचा प्रश्न तोच असावा.

आपल्या रस्त्याच्या सीएसडीत समजा असे उत्तर आले: ‘रुंदी ५.५० मी. सुधारित शेड्यूल ‘बी’ सोबत.’ यादी लिहिणारा इथे सुस्कारा सोडून फाइल मिटतो, आणि इथेच चूक करतो. सुधारित शेड्यूल ही पोर्टलवरची नवी फाइल असते. आधी उतरवलेल्या जुन्या फाइलमध्ये टक्केवारी भरून अपलोड केली तर निविदा बाद होण्याची भीती असते. आणि नव्या फाइलमध्येही भागाकार पुन्हा करायचा असतो. खडी ५,५०० झाली, पण त्याखालचा जीएसबीचा थर तसाच राहिला, असे होते. मुरुमाचे १२,००० तर कोणी विचारलेच नव्हते, म्हणून तेही तसेच राहतात.

उत्तर गोलमाल आले तर? दुसरी फेरी मागता येते, मुदतवाढीसह, पण ती मिळेलच असे नाही. मग तीन वाटा उरतात. धोक्याची किंमत टक्केवारीत धरायची, निविदा सोडून द्यायची, किंवा गोलमाल उत्तर जपून ठेवायचे. तिसरी वाट वाटते तितकी पोकळ नाही. मोरीच्या प्रश्नाला ‘प्रभारी अभियंत्याच्या सूचनेप्रमाणे’ असे उत्तर मिळाले असेल, आणि पुढे अभियंत्याने एनपी-४ घालायची लेखी सूचना दिली, तर ठेकेदाराकडे दोन कागद झाले. विसंगती निविदेआधीच दाखवली होती हा एक, आणि निर्णय विभागाने काम सुरू झाल्यावर घेतला हा दुसरा. ‘नकाशा निविदेचाच भाग होता’ हा लेखापरीक्षकाचा आक्षेप मग तितका सरळ राहत नाही. त्यासाठी सूचना लेखी हवी आणि ती पाइप खाली उतरण्याआधीच्या तारखेची हवी. जागेवर मात्र शाखा अभियंता सांगतो, “घाला हो, पत्र मागाहून काढू.” पाइप जमिनीत जातो, वर भराव होतो, आणि पत्र निघायचे राहून जाते.